दोन तारखांमधले दिवस: उत्तर एक-दोन दिवसांनी चुकत असेल तर कारण कसं शोधायचं

ठाण्या-नवी मुंबईतल्या शिकवणी वर्गांसाठी, पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी जे तारखांचे वर्कशीट बनवतात त्यांना हा अनुभव नवा नाही. 'दोन तारखांमध्ये किती दिवस?' असं एकच गणित, आणि वहीत चार वेगवेगळी उत्तरं. उत्तरपत्रिकेत ११०, एका वहीत १०९, दुसरीत १११, तिसरीत १०३. बहुतेक जण चुकीवर फुली मारून बरोबर उत्तर शेजारी लिहून देतात. पुढच्या आठवड्यात तोच घोळ पुन्हा. फुलीतून मुलाला एवढंच कळतं की उत्तर चुकलं. कुठे चुकलं ते कळत नाही, कारण १०९ हे उत्तर तीन अगदी निरनिराळ्या चुकांमधून येऊ शकतं.

आधी एक गणित पूर्ण सोडवून घेऊ, म्हणजे पुढचं बोलणं त्यावरच करता येईल.

अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ रोजी झालं. तिथून त्याच वर्षीच्या महाराष्ट्र दिनापर्यंत, म्हणजे १ मे २०२४ पर्यंत, किती दिवस?

जानेवारीचे उरलेले: ३१ − १२ = १९
फेब्रुवारी (२०२४ लीप वर्ष): २९
मार्च: ३१
एप्रिल: ३०
मे: १
एकूण: ११०

यात पहिल्या ओळीत १२ तारीख धरलेली नाही आणि शेवटच्या ओळीत १ तारीख धरली आहे. म्हणजे एकच टोक मोजलं. ज्याला आपण 'अंतर' म्हणतो ते हेच. आता वारावरून ताळा करा. १२ जानेवारी २०२४ ला शुक्रवार होता. ११० ला ७ ने भागलं की बाकी ५ उरते, शुक्रवारपासून पाच दिवस पुढे बुधवार, आणि १ मे २०२४ ला बुधवारच होता. हा ताळा उत्तरपत्रिका बनवणाऱ्याने तरी प्रत्येक गणितावर करावाच. एका दिवसाची चूक त्यातून निसटत नाही, आणि वार जुन्या दिनदर्शिकेत किंवा मोबाइलमध्ये लगेच दिसतो.

चुकलेल्या आकड्यावरून काय कळतं

१११ आलं तर मुलाने बहुधा दोन्ही टोकं धरली: जानेवारीचे २० घेतले, कारण त्याने १२, १३, १४ असं बोटावर मोजत ३१ पर्यंत नेलं. १०३ आलं तर पहिल्या महिन्याचे उरलेले दिवस काढायच्या ऐवजी उलटलेले १२ च लिहिले. ७९ आलं तर अख्खा मार्च गळला. इथवर सोपं आहे.

गोंधळ १०९ चा. एक, मुलाने दोन्ही टोकं सोडली, फक्त मधले दिवस मोजले. दोन, टोकं बरोबर घेतली पण फेब्रुवारी २८ चा धरला. तीन, सगळे महिने ३० चे धरले: १८ + ३० + ३० + ३० + १ केलं तरी १०९ च येतं. तिन्ही मुलांना वेगवेगळी गोष्ट समजावून सांगायची आहे, आणि उत्तर मात्र एकच.

याहून वाईट म्हणजे ११० हे उत्तरसुद्धा चुकून येऊ शकतं. दोन्ही टोकं धरली (एक दिवस जास्त) आणि फेब्रुवारी २८ चा घेतला (एक दिवस कमी), की दोन चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि वहीवर बरोबरची खूण पडते. म्हणून सगळी गणितं लीप वर्षाच्या फेब्रुवारीवरून जाणारी असतील तर ते वर्कशीट तपासायला निरुपयोगी. दिसायला अवघड असतं, पण चूक झाकून ठेवतं.

यावर उपाय म्हणजे सुरुवातीलाच तीन छोटी गणितं याच क्रमाने घालायची.

पहिलं, एकाच महिन्यातलं: ५ जुलै ते १२ जुलै अंतर किती? उत्तर ७. इथे महिन्याची लांबी नाही, लीप वर्ष नाही. ८ किंवा ६ आलं तर घोटाळा फक्त टोकांचा आहे, दुसरं काही असूच शकत नाही.

दुसरं, फेब्रुवारी मध्ये न येणारं पण ३१ चा महिना ओलांडणारं. नवी मुंबई मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला प्रवाशांसाठी सुरू झाली; तिथून १२ जानेवारी २०२४ पर्यंतचं अंतर: १३ + ३१ + १२ = ५६. बरोबर आठ आठवडे, आणि दोन्ही दिवस शुक्रवार, म्हणून ताळाही तोंडी होतो. पहिलं गणित बरोबर असून इथे ५५ आलं, तर डिसेंबर ३० चा धरला आहे.

तिसरं, वरचं सेतू ते महाराष्ट्र दिन. पहिली दोन बरोबर आणि इथे १०९, म्हणजे फेब्रुवारीच.

तीन उत्तरं शेजारीशेजारी ठेवली की कच्चं काम न बघताही कारण सापडतं. क्रम बदलू नका. पहिलं गणित बाळबोध वाटतं म्हणून लोक ते गाळतात, आणि मग पुढच्या दोन्हींचा अर्थ लागत नाही.

टोकं: प्रश्नातच सांगा

या बाबतीत चूक मुलांची कमी आणि प्रश्न लिहिणाऱ्याची जास्त असते. '१० मे पासून १५ मे पर्यंत किती दिवस?' असं विचारलं तर ५ आणि ६ दोन्ही उत्तरांची बाजू मांडता येते. रजेच्या अर्जात १० ते १५ लिहिलं की ६ दिवसांची रजा लागते. मुदत ठेवीचं व्याज मोजताना तेवढ्याच तारखांचे ५ दिवस होतात. दोन्ही हिशोब आपापल्या जागी बरोबर आहेत.

म्हणून प्रश्नात तीनपैकी एक शब्दरचना पक्की करा. 'पहिला दिवस सोडून मोजा' असेल तर वजाबाकी जशी येते तशी. 'दोन्ही दिवस धरून' असेल तर त्यात १ मिळवा. 'फक्त मधले दिवस' असेल तर १ वजा करा. मुलांना तीन वेगळ्या पद्धती शिकवू नका. पद्धत एकच, अंतर काढायची. शेवटी प्रश्न वाचून एक मिळवायचा की वजा करायचा ते ठरवायचं. जी मुलं पहिल्या महिन्यातच तो जास्तीचा एक घालतात, ती पुढे हमखास विसरतात की आपण तो घातला होता, आणि शेवटी पुन्हा एक मिळवतात.

महिन्यांची लांबी

मुठीवर महिने मोजायची पद्धत सगळ्यांना येते: बोटांच्या गाठीवर ३१, मधल्या खळग्यात ३० किंवा फेब्रुवारी. चूक होते ती जुलैपाशी. जुलै शेवटच्या गाठीवर येतो आणि ऑगस्ट पुन्हा पहिल्या गाठीवर सुरू करायचा असतो. काही मुलं तिथून मागे वळतात आणि ऑगस्ट खळग्यात टाकतात. मग ऑगस्ट ३०, सप्टेंबर ३१, ऑक्टोबर ३० अशी पुढची सगळी रांग उलटी होते. ही चूक ओळखायची खूण अशी, की जानेवारी ते जुलैमधली गणितं बिनचूक असतात, आणि त्यानंतरची कधी एक दिवस कमी किंवा जास्त येतात तर कधी आपोआप बरोबर, कारण ऑगस्टमध्ये गेलेला दिवस सप्टेंबरमध्ये परत मिळतो. २० जुलै ते १० सप्टेंबर हे गणित घाला: ११ + ३१ + १० = ५२. ५१ आलं तर मूठ तपासा.

'किती महिने आणि किती दिवस?' इथला खरा गुंता

नुसते दिवस विचारले तर उत्तर एकच असतं. महिने आणि दिवस विचारले की तसं राहत नाही, आणि उत्तरपत्रिकेवरून पालकांशी वाद होतात ते इथेच.

१५ मार्च २०२३ मधून २० जानेवारी २०२३ वजा करा. उभी मांडणी केली की १५ मधून २० जात नाहीत, म्हणून एक महिना हातचा घ्यावा लागतो. मुलं हातच्याचे ३० दिवस घेतात, १५ + ३० − २० = २५, आणि उत्तर लिहितात १ महिना २५ दिवस. आता खरोखर मोजून बघा. २० जानेवारी ते २० फेब्रुवारी हा एक महिना. २० फेब्रुवारी ते १५ मार्च, फेब्रुवारी २८ चा म्हणून ८ + १५ = २३ दिवस. उत्तर १ महिना २३ दिवस. म्हणजे हातचा घ्यायचा तो ३० चा नाही, तर ज्या महिन्याचे तुकडे करतोय त्याच्या लांबीचा: शेवटच्या तारखेच्या आधीचा महिना. इथे फेब्रुवारी, २८. १५ + २८ − २० = २३. हीच गणना २०२४ साली केली तर २४ येतील.

पण एखादं हुशार पोर मागून मोजतं: १५ मार्चच्या आधी एक महिना म्हणजे १५ फेब्रुवारी, आणि २० जानेवारी ते १५ फेब्रुवारी २६ दिवस. उत्तर १ महिना २६ दिवस. तेही चूक नाही! पहिल्या रीतीत महिना ३१ दिवसांचा पडला, ३१ + २३ = ५४. दुसऱ्या रीतीत महिना २८ दिवसांचा, २८ + २६ = ५४. थेट मोजले तरी ११ + २८ + १५ = ५४ च. २५ मात्र कुठल्याच रीतीत येत नाही. त्यामुळे वर्कशीटच्या डोक्यावर एक ओळ छापा: 'पहिल्या तारखेपासून पूर्ण महिने पुढे मोजा, उरलेले दिवस नंतर.' आणि शेजारी एकूण दिवसांचा रकाना ठेवा, म्हणजे दुसऱ्या रीतीने आलेलं उत्तर तपासता येतं.

या रीतीलाही मर्यादा आहे. ३१ जानेवारी २०२३ ते १ मार्च २०२३ घ्या. हातच्याचे २८ घेतले तर १ + २८ − ३१ = −२. एक महिना आणि उणे दोन दिवस! कारण ३१ जानेवारीनंतर एक महिन्याने येणारी '३१ फेब्रुवारी' अस्तित्वातच नाही. याचं सर्वमान्य एक उत्तर नाही. म्हणून महिने-दिवसांच्या गणितात पहिली तारीख २९, ३० किंवा ३१ देऊ नका. त्या तारखा फक्त 'एकूण दिवस' विचारणाऱ्या गणितांत वापरा. तिथे उत्तर २९ आहे आणि त्यात काही वाद नाही.

लीप वर्ष: वर्ष नको, २९ फेब्रुवारी बघा

'वर्ष लीप आहे, म्हणून ३६६' हा नियम मुलं पाठ करतात आणि तोच नडतो. १० मार्च २०२४ ते १० मार्च २०२५ किती दिवस? २०२४ लीप आहे, पण त्याची २९ फेब्रुवारी आधीच मागे पडली. उत्तर ३६५. उलट १० मार्च २०२३ ते १० मार्च २०२४ हे ३६६, सुरुवातीचं वर्ष साधं असूनही. मुलांना एकच प्रश्न विचारायला शिकवा: या दोन तारखांच्या वाटेत २९ फेब्रुवारी लागते का? किती वेळा लागते? तेवढेच दिवस जास्त.

लांब पल्ल्याच्या गणितात शतकाचं वर्ष आडवं येतं. ४ ने भाग जातो म्हणून लीप, पण १०० ने जात असेल तर नाही, आणि ४०० ने जात असेल तर पुन्हा लीप. २००० लीप होतं, १९०० नव्हतं, २१०० नसेल. हल्लीच्या तारखा घेतल्या तर ही अट कधीच कामाला येत नाही, म्हणून मुलं ती विसरतात. ठाणेकरांकडे यासाठी तयार उदाहरण आहे. बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी, शनिवारी धावली. तिथपासून शताब्दीच्या दिवसापर्यंत, १६ एप्रिल १९५३ पर्यंत, किती दिवस?

१०० × ३६५ = ३६,५००. वाटेतल्या २९ फेब्रुवारी: १८५६ पासून १९५२ पर्यंत चार-चारच्या उड्या मारल्या तर २५, त्यातून १९०० वजा, उरल्या २४. एकूण ३६,५२४. ताळा: ७ ने भागून बाकी ५, शनिवारपासून पाच दिवस पुढे गुरुवार. १६ एप्रिल १९५३ ला गुरुवारच होता. ३६,५२५ लिहिलेल्या मुलाला शुक्रवार मिळतो आणि चूक त्याची त्यालाच सापडते.

उत्तरपत्रिका संगणकावर बनवताना

पहिल्या तारखा A रकान्यात, दुसऱ्या B मध्ये ठेवल्या तर सूत्रं एवढीच:

```
=B2-A2      अंतर
=B2-A2+1    दोन्ही दिवस धरून
=B2-A2-1    फक्त मधले दिवस
```

सेतूच्या गणिताला −३३१ असं उत्तर आलं तर घाबरू नका. शीट अमेरिकन पद्धतीवर आहे: 12/01/2024 ला त्याने १ डिसेंबर समजलं आणि 01/05/2024 ला ५ जानेवारी. गूगल शीट्समध्ये `File` → `Settings` → `Locale` मध्ये `India` निवडा आणि तारखा पुन्हा टाका. आधी टाकलेल्या आपोआप सुधारत नाहीत. एखादी तारीख रकान्यात डावीकडे चिकटून बसली असेल तर ती तारीख नसून नुसता मजकूर आहे (13/01/2024 चं असं होतं, कारण तेरावा महिना नसतो). एक्सेलमध्ये उत्तराच्या जागी १९ एप्रिल १९०० दिसलं तर गणित बरोबर आहे, फक्त त्या चौकटीचा प्रकार तारीख असा आहे. तो `Number` करा, ११० दिसेल.

महिने-दिवसांसाठी `DATEDIF` मधला `"MD"` हा पर्याय वापरू नका. वर आलेलं उणे दोन तोही देऊ शकतो, आणि मायक्रोसॉफ्ट स्वतःच तो न वापरण्याची सूचना देते.

रेल्वेचं गणित एक्सेलमध्ये थेट होत नाही. १९०० च्या आधीची तारीख टाइप केली तर तो मजकूर समजतो. `DATE(1853,4,16)` लिहिलं तर आणखी फसगत: १९०० पेक्षा लहान वर्ष दिसलं की एक्सेल आणि गूगल शीट्स दोन्ही त्यात १९०० मिळवतात, आणि तुम्ही ३७५३ सालात पोचता. शिवाय एक्सेल २९ फेब्रुवारी १९०० ही न झालेली तारीख खरी मानतं. लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रामशी जुळावं म्हणून ती चूक मुद्दाम तशीच ठेवली गेली. यातून सुटायची वाट सोपी आहे. दर ४०० वर्षांत १,४६,०९७ दिवस, म्हणजे बरोबर २०,८७१ आठवडे असतात, त्यामुळे लीप वर्षांसकट आणि वारांसकट सगळं पुन्हा तसंच येतं. दोन्ही वर्षांत ४०० मिळवा:

```
=DATE(2353,4,16)-DATE(2253,4,16)
```

उत्तर ३६,५२४. १९०० च्या जागी इथे २३०० येतं, आणि तेही लीप नाही. हे सूत्र उत्तराच्या रकान्यापुरतंच ठेवा. मुलांच्या कागदावर तारखा १८५३ आणि १९५३ याच छापा.